फ्रिजमधले उणे 0.125 अंश: आयटूसीच्या दोन तारांना पुल-अप लागतात का?

ओंकार आमच्या शेजारच्या इमारतीत, लालबागला राहतो. बँकेत नोकरी करतो आणि रविवारी सोल्डरिंग. त्याच्या आजीला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. घरचा फ्रिज जुना, दार नीट लागत नाही. म्हणून ओंकारने कुप्यांच्या डब्याला चिकटवायला एक तापमापक बनवला. आत एलएम75ए ही तापमान मोजणारी आठ पायांची चिप, बाहेर भिंतीवर तिचे आकडे वाचणारा ईएसपी32 बोर्ड, आणि दोन्हींमध्ये दाराच्या रबरातून आत गेलेली दोन मीटरची चपटी रिबन केबल. मर्यादा ओलांडली की फोनवर संदेश येणार.

बसवल्याच्या दुसऱ्याच रात्री संदेश आला: उणे 0.125. आजीने उठून एक कुपी फेकून दिली. सकाळी पाहतात तर शेजारच्या वाटीतलं पाणी पाणीच होतं.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला चिपचा संशय होता. "काकू, लॅमिंग्टन रोडवरून सुटी आणली होती, डुप्लिकेट असेल का?"

मी सर्किट मागितलं. वहीच्या पानावर नीट काढलेलं होतं: 3.3 व्होल्ट, ग्राउंड, माहितीची तार एसडीए, घड्याळाच्या ठोक्यांची तार एससीएल, चारच रेघा. चिपचा पत्ता ठरवणारे तिन्ही पाय ग्राउंडला. एसडीए किंवा एससीएलपासून 3.3 व्होल्टकडे जाणारा एकही रेझिस्टर नव्हता.

"पुल-अप कुठे आहेत?"

"ते लागत नाहीत ना? याआधी हवामानाचं केलं होतं तुम्हाला दाखवलेलं, त्यात कुठे लावले होते? आणि हेही टेबलावर दोन दिवस व्यवस्थित चाललं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

वर कोण ओढतं

आयटूसी ही चिपांनी दोन तारांवरून एकमेकींशी बोलायची पद्धत फिलिप्सने 1982 मध्ये आणली, आणि तिच्या दोन तारांची मुख्य गंमत अशी की त्यांना जोडलेली कुठलीही चिप तार फक्त खाली ओढू शकते. आतला ट्रान्झिस्टर चालू झाला की तार ग्राउंडला चिकटते, बंद झाला की चिप हात सोडून देते. वर ढकलण्याची सोयच मुद्दाम ठेवलेली नाही. कारण त्याच एसडीएवर कधी ईएसपी32 बोलतो, कधी सेन्सर. प्रत्येक आठ बिटांनंतर नववा ठोका येतो, तेव्हा बोलणारा तार सोडतो आणि ऐकणारा ती खाली ओढून "मिळालं" म्हणतो. दोघांनाही वर ढकलता आलं असतं तर एक 3.3 कडे आणि दुसरा शून्याकडे ताणत असताना सरळ शॉर्ट झाला असता.

मग "1" कुठून येतो? तार सोडल्यावर कुणीतरी ती वर नेली पाहिजे, आणि ते काम रेझिस्टरचं. त्यामुळे "पुल-अप लागतो का" याचं उत्तर "लागतोच" असं आहे. ओंकारच्या हवामानाच्या यंत्रातही तो होता, फक्त त्याने लावलेला नव्हता. ते जुनं मॉड्यूल मी त्याला आणायला सांगितलं आणि भिंगाखाली धरलं. सेन्सरच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे दोन काळे ठोकळे, त्यांवर 103 छापलेलं. 10 वर तीन शून्यं, म्हणजे 10 किलोओहम. एक एसडीएपासून 3.3 ला, दुसरा एससीएलपासून. तयार मॉड्यूल विकणारे बहुधा हे आधीच लावून देतात. सुट्या चिपसोबत असं काही येत नाही, आणि ओंकारने ज्या पट्टीवर एलएम75ए बसवली होती ती फक्त पाय रुंद करणारी पट्टी होती.

तरीही त्याचं सर्किट टेबलावर चाललं, याचं कारण ईएसपी32च्या आत आहे. ईएसपी32साठीची `Wire` लायब्ररी सुरू होताना त्या दोन पायांवरचे आतले पुल-अप चालू करते. त्यांचं मूल्य डेटाशीटमध्ये साधारण 45 किलोओहम दिलेलं आहे. म्हणजे तार वर ओढणारं कुणीतरी होतं, पण फार अशक्त.

एक अपवाद सांगायला हवा, कारण जाणकार लोक तो मुद्दा काढतात. एससीएलवर एकटा कंट्रोलरच, म्हणजे इथे ईएसपी32च, ठोके देत असेल आणि सेन्सर कधीच घड्याळ अडवून ठेवत नसेल, तर ती तार कंट्रोलरने दोन्ही बाजूंना ढकलली तरी बिघडत नाही, आणि मग तिला पुल-अप नसला तरी चालतं. काही जण स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये तसं करतातही. पण `Wire` तसं करत नाही, आणि एसडीएला ही सूट कधीच नाही.

मोजून पाहणं

ओंकारने आधीच मल्टिमीटर लावून पाहिलं होतं: दोन्ही तारांवर 3.3 व्होल्ट. त्यावरून सगळं ठीक आहे असं त्याने मानलं. ही मोजणी फसवते. तार रिकामी असताना तिच्यावर ओझं काहीच नसतं, त्यामुळे 47 किलोओहममधूनही ती पूर्ण 3.3 पर्यंत जाते आणि 4.7 किलोओहममधूनही. ओढणाऱ्याची ताकद व्होल्टेजवरून कळत नाही, करंटवरून कळते.

म्हणून मीटर मायक्रोअँपिअरवर लावला, काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब एसडीएला. प्रोग्राममध्ये वाचन थांबवलेलं होतं. ही तार खाली ओढण्यासाठीच बनलेली असल्याने तिला असं ग्राउंडला नेलं तरी काही जळत नाही. मात्र लाल प्रोब चुकून शेजारच्या 3.3 व्होल्टच्या पिनला लागला तर तो थेट शॉर्ट, आणि मीटरचा फ्यूज जाईल. त्यामुळे आधी प्रोब पक्का बसवायचा, मग बोर्डाला वीज द्यायची.

मीटरने 70 मायक्रोअँपिअर दाखवले. 3.3 भागिले 70 मायक्रो म्हणजे सुमारे 47 किलोओहम. आतल्या पुल-अपशिवाय दुसरं काही नाही हे तिथेच सिद्ध झालं.

आता दुसरी बाजू, केबल. दोन तारा शेजारी असल्या की त्यांच्यात थोडी कॅपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असतेच, आणि पुल-अपला प्रत्येक "1" च्या वेळी ती भरावी लागते. आम्ही केबल दोन्ही टोकांनी सोडवली, एसडीए सोडून बाकीच्या तारा एकत्र बांधल्या आणि कॅपॅसिटन्स मोजली: 130 पिकोफॅरड. चिपांचे पाय, पट्टी, कनेक्टर यांचे मी अंदाजाने 30 धरले. एकूण 160. टेबलावर छोट्या जंपर वायरींनी जोडलेलं असताना हाच आकडा 40च्या आसपास असणार.

पुढचं गणित एका ओळीचं आहे. आयटूसीमध्ये तार चढायला लागणारा वेळ पुरवठ्याच्या 30 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत मोजतात. R म्हणजे पुल-अप, C म्हणजे तारेची एकूण कॅपॅसिटन्स:

```
tr = 0.8473 × R × C
```

100 किलोहर्ट्झच्या साध्या वेगाला हा वेळ जास्तीत जास्त 1 मायक्रोसेकंद असायला हवा. टेबलावर 47 किलोओहम आणि 40 पिकोफॅरड धरले की सुमारे 1.6 मायक्रोसेकंद येतात. म्हणजे ओंकारचं सर्किट टेबलावरही नियमाबाहेरच होतं. चाललं एवढ्यासाठी, की ठोक्याचा अर्धा भाग 5 मायक्रोसेकंदांचा असतो आणि तार शून्यापासून 70 टक्क्यांपर्यंत 2.3 मायक्रोसेकंदांत पोचत होती. उशिरा, पण गाडी सुटायच्या आत. "दोन दिवस व्यवस्थित चाललं" याचा अर्थ एवढाच होता.

फ्रिजवर 160 पिकोफॅरड. चढायला 6.4 मायक्रोसेकंद, आणि शून्यापासून 70 टक्क्यांना पोचायला 9. ठोक्याचा अर्धा भाग मात्र 5च. खरं तर मग अजिबात चालायला नको होतं. बऱ्याचदा चालत होतं, कारण आयटूसीचे कंट्रोलर एससीएल सोडल्यावर ती खरोखर वर गेली का हे पाहून मगच पुढे सरकतात. सेन्सरने घड्याळ अडवलं तर थांबता यावं म्हणून ती सोय आहे, आणि इथे तिने ओंकारची चूक झाकली. घड्याळ आपोआप मंदावत होतं आणि वाचन येत होतं. एवढी वाईट तार दिवसभर बरोबर आकडे देत राहते, म्हणूनच ही चूक सापडायला इतका वेळ जातो.

खोटे आकडे कसे तयार झाले

मी ओंकारकडून तीन दिवसांची नोंद मागवली. दर मिनिटाला एक आकडा. बहुतेक 4 ते 6 अंशांच्या मधले, आणि अधूनमधून एकटाच उणे 0.125, किंवा एकटाच 11.875. पुढच्या मिनिटाला पुन्हा 5. डब्याला चिकटलेल्या वस्तूचं तापमान एका मिनिटात सात अंश वर जाऊन परत येत नाही, म्हणजे हे आकडे फ्रिजमधले नव्हतेच. हेच दोन आकडे पुन्हापुन्हा का येत होते, त्यातच दोष नेमका दिसतो.

उणे 0.125 चं मूळ ओंकारच्या कोडमध्ये होतं:

```cpp
Wire.requestFrom(0x48, 2);
int16_t raw = (Wire.read() << 8) | Wire.read();
float t = (raw >> 5) * 0.125;
```

सेन्सरकडून उत्तरच आलं नाही तर `Wire.read()` उणे 1 देतो. बिटांच्या भाषेत उणे 1 म्हणजे सगळे एक. दोन्ही बाइट असे आले की `raw` उणे 1 होतो, पाच घरं उजवीकडे सरकवला तरी उणे 1च राहतो, आणि 0.125 ने गुणला की उणे 0.125. म्हणजे त्या रात्री सेन्सरने "गोठलं" असं सांगितलंच नव्हतं. तो काहीच बोलला नव्हता. दुसऱ्या कुठल्या कामात हा आकडा वेडगळ वाटला असता. फ्रिजमध्ये तो अगदी खरा वाटतो, आणि नेमका तिथेच तो सर्वांत घातक आहे.

11.875 जास्त शिकवणारा आहे. तेव्हा सेन्सर बोलत होता, पण दोघांची मोजणी चुकली होती. एससीएल इतकी सावकाश चढते तेव्हा ती बराच काळ "0 म्हणू की 1" अशा मधल्या पट्ट्यात रेंगाळते. तेवढ्यात बाहेरून छोटासा धक्का आला तर ती क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर येते. कंट्रोलरच्या हिशेबाने ठोका एकच, सेन्सरला मात्र दोन दिसतात. तो एक बिट पुढे निघून जातो.

5 अंश असताना एलएम75ए पहिला बाइट `00000101` आणि दुसरा `00000000` पाठवतो. सुरुवातीचा एक बिट गळाला की उरलेले डावीकडे सरकतात, `0000101` होतात, आणि आठव्या जागी सेन्सर "मिळालं" ऐकण्यासाठी तार सोडून बसलेला असतो. सोडलेली तार वर जाते, म्हणून तिथे 1 वाचला जातो: `00001011`. त्या क्षणी तार खाली ओढणारं कुणीच नसल्यामुळे सेन्सर "नको" असं समजतो आणि गप्प होतो. मग दुसरा बाइट पूर्ण रिकाम्या तारेवरून वाचला जातो: `11111111`. दोन्ही मिळून 0x0BFF. पाच घरं सरकवून 95, गुणिले 0.125, म्हणजे 11.875.

ओंकारने हे वहीत स्वतः करून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे चिप बरोबरच आहे."

धक्का कुठून येत होता तेही नोंदीतच सापडलं. खोटे आकडे दिवसभर सारखे विखुरलेले नव्हते, साधारण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होण्याच्या वेळांना ते येत. ओंकारने एक संध्याकाळ स्वयंपाकघरात बसून टाचण केलं आणि ताळा जुळला. मोटरचा करंट तुटताना-जुळताना आजूबाजूच्या तारांत टोचणी उमटते. 47 किलोओहमने धरलेली तार ती सहज हलू देते. दहापट कमी रेझिस्टरने धरलेली तार तेवढ्याच टोचणीला साधारण दहापट कमी हलते, शिवाय मधल्या पट्ट्यातून झटकन निघूनही जाते.

म्हणूनच वेग कमी करण्याचा उपाय पुरा पडला नाही. माझ्याकडे येण्याआधी ओंकारने `Wire.setClock(10000)` करून पाहिलं होतं. 10 किलोहर्ट्झला तारेला चढायला भरपूर वेळ मिळतो, आणि बिनउत्तराची वाचनं बरीच कमीही झाली. पण चढण तेवढीच सावकाश राहिली आणि धरून ठेवण्याची ताकद तेवढीच अशक्त. कॉम्प्रेसरच्या वेळचे 11.875 येतच राहिले.

किती ओहम

आता निवड. वरची मर्यादा चढण्याच्या वेळेवरून येते: 160 पिकोफॅरडला 1 मायक्रोसेकंदात चढवायचं तर रेझिस्टर 7.4 किलोओहमपेक्षा मोठा नको. खालची मर्यादा चिपच्या ताकदीवरून येते. नियमाप्रमाणे चिपने 3 मिलिअँपिअर खाली ओढत असताना तार 0.4 व्होल्टपर्यंत उतरवायला हवी, त्यामुळे

```
Rmin = (3.3 − 0.4) / 0.003 ≈ 970 Ω
```

याहून लहान रेझिस्टर लावला तर "0" पुरेसा खाली जाईल याची खात्री उरत नाही. म्हणजे साधारण 1 ते 7.4 किलोओहमची खिडकी. 4.7 किलोओहम तिच्यात आरामात बसतो आणि प्रत्येकाच्या डबीत असतो.

लोक सवयीने 4.7 लावतात. इथे तो बरोबर निघाला, पण सवयीमुळे नव्हे. मॉड्यूलवरचा 10 किलोओहम टेबलावर उत्तम होता, या केबलवर तो आतल्या 47 सोबत धरूनही 1.1 मायक्रोसेकंद देतो, म्हणजे नियमाच्या किंचित बाहेर. रेझिस्टरचं मूल्य केबल पाहून ठरतं, हे मला ओंकारला मनापासून पटवायचं होतं.

दोन रेझिस्टर ईएसपी32च्या बोर्डावर, एसडीए आणि एससीएलपासून 3.3 व्होल्टला. 5 व्होल्टला नाही. एलएम75ए ला 5 चालतात, ईएसपी32च्या पायांना चालत नाहीत. रिबनमध्ये एसडीए आणि एससीएल शेजारी होत्या, त्यांच्या मध्ये ग्राउंडची तार आणली, म्हणजे एकीचा धक्का दुसरीला लागत नाही.

पुन्हा तीच मोजणी केली. एसडीए ते ग्राउंड 0.77 मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे 4.3 किलोओहम. 4.7 आणि 47 समांतर असले की एवढेच यायला हवेत. चढण्याचा वेळ हिशेबाने 0.6 मायक्रोसेकंद. माझ्याकडच्या ऑसिलोस्कोपवर आधीची लाट शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखी दिसत होती, एका बाजूने निवांत चढणारी. आता कोपरे जरासे गोल असलेला चौकोन दिसला. ऑसिलोस्कोप नसता तरी निदान झालंच असतं. मायक्रोअँपिअरचा आकडा आणि केबलची कॅपॅसिटन्स एवढं पुरेसं होतं.

कोडही बदललं. रेझिस्टर लागले म्हणून ते तसंच सोडणं मला मान्य नव्हतं, कारण उद्या दारात केबल चिरडून तुटली तर पुन्हा उणे 0.125 चाच संदेश गेला असता:

```cpp
if (Wire.requestFrom(0x48, 2) != 2) return NAN;
```

उत्तर आलं नाही तर आता "सेन्सर बोलत नाही" असा वेगळा संदेश जातो. आणि एकट्या आकड्यावर इशारा देणं बंद केलं. लागोपाठ तीन वाचनं मर्यादेबाहेर असतील तरच. एलएम75ए आपल्या आकड्यासोबत कुठलीही पडताळणीची बेरीज पाठवत नाही, त्यामुळे सरकलेला बाइट कोडला ओळखता येत नाही. एसएचटी31 सारखे सेन्सर पाठवतात, तिथे असा आकडा जागीच पकडला गेला असता.

एक गोष्ट रेझिस्टरने सुधारत नाही. एलएम75ए ची स्वतःची अचूकता अधिकउणे 2 अंशांची आहे. 2 ते 8 च्या पट्ट्यासाठी ती फार सैल. म्हणून डब्याशेजारी पाण्याच्या पेल्यात एक साधा काचेचा थर्मामीटर ठेवला आहे, आणि ओंकारने इशाऱ्याच्या मर्यादा 4 आणि 6 वर आणल्या आहेत.

मागच्या आठवड्यात तो फ्रीझरसाठी दुसरी एलएम75ए घेऊन आला. पत्ता बदलायला एक पाय 3.3 ला जोडलेला, तीच केबल पुढे आणखी एक मीटर वाढवलेली. सोबत आणखी दोन 4.7 चे रेझिस्टर होते, नव्या सेन्सरजवळ लावायला.

"एका जोडीत भागेल का, ते आधी काढ," मी म्हटलं.

त्याने केबल मोजूनच आणली होती. तीन मीटरचे 195, पायांचे आणि जोडण्यांचे 40, एकूण 235 पिकोफॅरड. 4.3 किलोओहमला 0.86 मायक्रोसेकंद. त्याने जास्तीचे रेझिस्टर परत डबीत टाकले.